खप मोठा, पदरात काय?

तालुक्याच्या गावात बिस्किटं, साबण, चहा, मसाले अशा मालाची एजन्सी चालवणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा, तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक कोणतं? तो खतावणी न उघडताच बाजारपेठेतल्या सगळ्यात मोठ्या दुकानाचं नाव सांगेल. मग विचारा, त्या दुकानाला माल पोचवायला, त्याची उधारी सांभाळायला आणि त्याचा परत आलेला माल निस्तरायला महिन्याला किती खर्च येतो? इथे बहुतेकदा उत्तर मिळत नाही. व्यापारी निष्काळजी असतो म्हणून नव्हे, तर हिशेबाच्या वह्याच तशा लिहिलेल्या नसतात म्हणून. पार्टीच्या खात्यात बिलं आणि जमा दिसते. सेल्समनचा पगार, गाडीचं डिझेल आणि बँकेचं व्याज मात्र वेगळ्या खात्यांत जातं. हा खर्च कोणत्या पार्टीमुळे झाला, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

ते शोधून काढायच्या पद्धतीला 'कॉस्ट टू सर्व्ह' म्हणतात, म्हणजे गिऱ्हाईकवार सेवा-खर्चाचा हिशेब. एखाद्या गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या मार्जिनमधून त्याच्यासाठी झालेला खर्च वजा करून हातात काय उरलं, एवढंच त्यात पाहायचं असतं. वितरणाच्या धंद्यात मार्जिन आधीच बारीक असतं. रुपयामागे पाच-सहा पैसे मिळवणाऱ्या माणसाला त्यातले चार-पाच कुठे जातात, हे माहीत असलंच पाहिजे.

स्वीडनमधला धडा

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी प्राध्यापकांनी खर्चाची विभागणी कामांनुसार करण्याची पद्धत मांडली. त्या काळातलं तिचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे विजेवर तापणाऱ्या तारा बनवणारी 'कांथाल' ही स्वीडिश कंपनी. कांथालने प्रत्येक ऑर्डरमागे होणारा खर्च त्या त्या गिऱ्हाइकावर टाकून पाहिला. तेव्हा २० टक्के गिऱ्हाइकं कंपनीच्या नफ्याच्या २२५ टक्के नफा देत होती. ७० टक्के गिऱ्हाइकं ना नफा ना तोटा अशा रेषेच्या आसपास होती. उरलेली १० टक्के मिळालेल्या नफ्यातला मोठा हिस्सा, म्हणजे एकूण नफ्याच्या १२५ टक्के, खाऊन टाकत होती.

नफा शंभर टक्क्यांपेक्षा जास्त कसा, असं वाटेल. चांगल्या गिऱ्हाइकांनी २२५ रुपये कमावून दिले, वाईटांनी १२५ घालवले आणि वर्षाअखेर ताळेबंदात १०० उरले, असा त्याचा अर्थ. ताळेबंद फक्त ते १०० दाखवतो. गिऱ्हाइकं नफ्याच्या क्रमाने मांडून नफ्याची बेरीज करत गेलं, की आलेख आधी उंच चढतो, मग सपाट होतो आणि शेवटी खाली उतरतो. पाण्यावर आलेल्या देवमाशाच्या पाठीसारखा दिसतो म्हणून त्याला 'व्हेल कर्व्ह' असं नाव पडलं.

पण खरा धक्का पुढचा होता. सगळ्यात जास्त तोटा देणाऱ्यांपैकी दोन गिऱ्हाइकं विक्रीच्या यादीत पहिल्या तिनांत होती. त्यातल्या एकाने आपल्याकडे साठा ठेवणं बंद करून लागेल तसा थोडा थोडा माल मागवायला सुरुवात केली होती आणि साठ्याचा भार नकळत कांथालवर आला होता. दुसरं गिऱ्हाईक मुख्य पुरवठादाराकडून माल आला नाही की किरकोळ, अडचणीच्या ऑर्डर कांथालकडे पाठवत असे.

यामागचं कारण साधं आहे. लहान गिऱ्हाईक तोटा करून करून किती करणार? फार मोठा तोटा करायला गिऱ्हाईकही मोठंच लागतं. मोठ्या गिऱ्हाइकापुढे आपण सवलत देतो, उधारी वाढवतो आणि अवेळी गाडी पाठवतो. म्हणून मोठी गिऱ्हाइकं बहुधा यादीच्या अगदी वर तरी असतात, नाहीतर अगदी तळाशी.

खर्च कशाच्या मागे धावतो?

आता एक हिशेब मांडून पाहू. एजन्सी काल्पनिक आहे आणि आकडे समजायला सोपे घेतले आहेत, पण घडण ओळखीची आहे. महिन्याची विक्री ६० लाख, मार्जिन सहा टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. महिन्याचा खर्च तीन लाख. उरतात साठ हजार.

या तीन लाखांतले पंचवीस हजार गोदामाचं भाडं आणि वीज यांचे आहेत. ते कोणा एका गिऱ्हाइकामुळे होत नाहीत, म्हणून बाजूला ठेवू. उरले पावणेतीन लाख. नेहमीची पद्धत म्हणजे हा खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटून टाकणं, म्हणजे रुपयाला सुमारे ४.६ पैसे. सगळ्या चुका इथून सुरू होतात. गाडी दुकानापुढे थांबते तेव्हा तिला आतलं बिल दोन हजारांचं आहे की वीस हजारांचं, हे माहीत नसतं. थांब्याचा खर्च तेवढाच येतो. खर्च विक्रीच्या रुपयामागे धावत नाही. तो भेटीमागे, थांब्यामागे, बिलातल्या ओळीमागे, परत आलेल्या मालामागे आणि उधारीच्या दिवसामागे धावतो.

म्हणून आधी प्रत्येक कामाचा दर काढायचा. चार सेल्समनचा पगार आणि पेट्रोल मिळून ऐंशी हजार. ते चौघे मिळून महिन्यात चार हजार भेटी देऊ शकतात, म्हणजे एका भेटीला २० रुपये. ऑर्डरची भेट असो की वसुलीची, दर तोच.

माल पोचवायला दोन छोटे हत्ती आहेत. गावातल्या गाडीचा ड्रायव्हर, हमाल, डिझेल आणि हप्ता धरून महिन्याचा खर्च ४५ हजार आणि थांबे १,२५०. म्हणजे थांब्याला ३६ रुपये. खेड्यांच्या गाडीचा खर्च ५५ हजार आणि थांबे ७५०, म्हणजे थांब्याला ७३ रुपये. दोन्हींची सरासरी काढून ५० रुपये लावले, तर गावातल्या दुकानांवर अन्याय होतो आणि खेड्यातली दुकानं आहेत त्यापेक्षा स्वस्त दिसतात. म्हणून जिथे कामाचं स्वरूपच वेगळं आहे, तिथे दर वेगळा हवा.

बिल करणं आणि गोदामात माल काढणं यावर चाळीस हजार जातात आणि महिन्यात वीस हजार ओळी होतात. एका ओळीला २ रुपये. परत आलेला माल तपासणं, क्रेडिट नोट करणं आणि कंपनीकडे क्लेम पाठवणं यावर पंधरा हजार खर्च होतात आणि अशी दीडशे प्रकरणं होतात, म्हणजे एका प्रकरणाला १०० रुपये. शेवटचा खर्च उधारीचा. बाजारात सरासरी चाळीस लाख अडकलेले असतात. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं, तर महिन्याला चाळीस हजार.

एवढ्या पाच-सहा दरांवर हा हिशेब उभा राहतो. लागणारी माहिती बहुतेक बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच असते: पार्टीवार बिलं, प्रत्येक बिलातल्या ओळी, क्रेडिट नोट आणि येणं बाकी किती दिवसांची आहे त्याची यादी. फक्त भेटी आणि थांबे मोजावे लागतात. त्यासाठी ड्रायव्हरच्या आणि सेल्समनच्या रोजच्या कागदावर दोन रकाने वाढवले की पुरतं.

दोन दुकानं

आता बाजारपेठेतलं मोठं दुकान घेऊ. महिन्याची खरेदी दीड लाख. मोठं गिऱ्हाईक म्हणून त्याला एक टक्का जादा सूट आहे, म्हणजे एजन्सीकडे पाच टक्के उरतात, साडेसात हजार रुपये. सरासरीच्या पद्धतीने त्याच्यावर सुमारे ६,९०० रुपये खर्च पडतो आणि सहाशेच्या आसपास नफा दिसतो. नफा थोडा, पण खप मोठा, असं म्हणून व्यापारी समाधान मानतो.

प्रत्यक्षात हे दुकान सकाळी ऑर्डर देतं आणि दुपारी फोन येतो, 'दोन पेट्या राहिल्या, पाठवा.' असे महिन्यात चाळीस थांबे होतात: १,४४० रुपये. प्रत्येक बिलात सरासरी अठरा ओळी, म्हणजे ७२० ओळी: आणखी १,४४०. ऑर्डर आणि वसुली मिळून सव्वीस भेटी: ५२०. दहा वेळा माल परत: १,०००. त्यातला काही माल मुदत संपलेला असतो आणि कंपनी तो क्लेममध्ये घेत नाही: ९०० रुपये एजन्सीच्या अंगावर. उधारी साठ दिवसांची, म्हणजे तीन लाख रुपये कायम अडकलेले: महिन्याचं व्याज ३,०००. एकूण खर्च ८,३०० रुपये. मार्जिन साडेसात हजार. दर महिन्याला आठशे रुपये पदरचे घालून हे दुकान सांभाळलं जातंय.

दुसरं दुकान वीस किलोमीटरवरच्या खेड्यातलं. महिन्याची खरेदी बारा हजार, मार्जिन ७२० रुपये. सरासरीच्या पद्धतीने त्यावर साडेपाचशे खर्च पडतो आणि १७० उरतात. प्रत्यक्षात सेल्समन आठवड्याला एकदा जातो, माल महिन्यातून दोनदाच, एकदम सहा-सहा हजारांचा उतरतो आणि पैसे गाडीवरच मिळतात. दोन थांबे १४६, चार भेटी ८०, तीस ओळी ६०, असे एकूण २८६ रुपये. उरतात ४३४. खेड्याच्या गाडीचा दुप्पट दर लावूनही हे दुकान नफ्यात आहे. त्या मोठ्या दुकानाचा तोटा भरून काढायला अशी जवळजवळ दोन दुकानं लागतात आणि त्यांना हे कोणी कधी सांगितलेलं नसतं.

मोठ्या दुकानाच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा उधारीचा आहे, हेही लक्षात घ्या. डिझेल आणि पगार रोख बाहेर जातात म्हणून ते टोचतात. उधारीचं व्याज बँकेच्या खात्यात एकत्र कापलं जातं आणि कोणाच्याच नावावर दिसत नाही. स्वतःचं भांडवल असेल तर तेवढंही दिसत नाही, कारण स्वतःच्या पैशावर आपण व्याज लावत नाही. पण तेच तीन लाख मोकळे असते तर एजन्सी आणखी माल भरू शकली असती.

दोष गिऱ्हाइकाचा की ऑर्डरच्या पद्धतीचा?

याच दरांवरून आणखी एक उपयोगी आकडा निघतो: किती रुपयांच्या खालचं बिल तोट्याचं? समजा, बिलात सहा ओळी आहेत, बिलामागे दोन भेटी झाल्या आणि वीस दिवसांची उधारी आहे. गावात या बिलाचा खर्च थांब्याचे ३६, भेटींचे ४० आणि ओळींचे १२ मिळून ८८ रुपये. सहा टक्के मार्जिनमधून वीस दिवसांचं व्याज वजा केलं, की रुपयाला सव्वापाच पैशांपेक्षा थोडं जास्त उरतं. ८८ रुपये भरून यायला बिल सुमारे १,६५० रुपयांचं हवं. खेड्याच्या मार्गावर तीच रेषा २,३५० च्या आसपास जाते.

आता त्याच गावातल्या दुकानाने ऑर्डर फोनवर दिली आणि पैसे ऑनलाइन पाठवले, तर भेटींचे चाळीस रुपये वाचतात आणि रेषा ९०० रुपयांवर येते. तेच दुकान, तेवढंच बिल, पण कालपर्यंत तोट्याचं होतं ते नफ्याचं झालं. म्हणून यादीच्या तळाशी असलेल्या नावावर लगेच काट मारणं ही सगळ्यात घाईची चूक आहे. तोटा बहुतेकदा माणसात नसतो, त्याच्या ऑर्डरच्या सवयीत असतो. आणि ती सवय पुष्कळदा आपणच लावलेली असते.

याचा सगळ्यात ठळक पुरावा महिनाअखेरीला दिसतो. टार्गेट पुरं करायचं म्हणून शेवटच्या चार दिवसांत दुकानदाराच्या गळ्यात माल घातला जातो. 'घ्या हो, पैसे सावकाश द्या.' गाड्या अपुऱ्या पडतात आणि भाड्याचा टेम्पो लावावा लागतो. पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा आपल्या गाड्या अर्ध्या रिकाम्या फिरतात. न खपलेला माल परत येतो आणि उधारी लांबते. विक्रीच्या तक्त्यात तो महिना उत्तम दिसतो. पण गिऱ्हाईकवार हिशेबात त्याच बिलांपुढे जादा टेम्पो, क्रेडिट नोट आणि लांबलेले दिवस एका ओळीत येऊन बसतात. असा नमुना दिसला तर दुकानदाराशी बोलण्याआधी सेल्समनच्या इन्सेंटिव्हची रीत बदलायला हवी. त्याला निव्वळ विक्रीवर पैसे मिळत राहिले, तर तो तोट्याचं बिलही आनंदाने आणेल.

मोठ्या दुकानाशी बोलणी करताना हाच हिशेब हाताशी ठेवावा. सूट काढून घेण्याऐवजी तिला अट जोडावी: एक टक्का सूट राहील, पण माल आठवड्यातून तीन ठरलेल्या दिवशी येईल, पैसे तीस दिवसांत मिळतील आणि परतीचा माल महिन्यातून दोनदाच उचलला जाईल. असं झालं तर थांबे बारा होतात. तीच वस्तू तीन-तीन बिलांत येणं थांबल्यामुळे ओळी ३६० वर येतात. भेटी बारा, परतीची प्रकरणं दोन, व्याज निम्मं आणि अंगावर पडणारा माल तीनशे रुपयांचा. एकूण खर्च सुमारे ३,४०० रुपये. आठशेच्या तोट्याच्या जागी चार हजारांहून थोडा जास्त नफा. दुकानदाराचाही फायदा आहे: माल ठरलेल्या दिवशी येतो आणि रोज कोणीतरी बिल घेऊन गल्ल्यापुढे उभं राहत नाही.

कागदावरची बचत आणि खिशातली बचत

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण पुष्कळ हिशेब याच जागी फसतात. वरच्या बदलाने सुमारे ४,९०० रुपये वाचले असं कागद म्हणतो. पण त्यातले व्याजाचे दीड हजार आणि मुदत संपलेल्या मालाचे सहाशे, असे २,१०० रुपयेच लगेच वाचतात. बाकीचे २,८०० म्हणजे गाडीचा, सेल्समनचा आणि गोदामातल्या माणसांचा मोकळा झालेला वेळ. ड्रायव्हरचा पगार थांबे कमी झाले म्हणून कमी होत नाही. वाचलेले अठ्ठावीस थांबे दुसऱ्या दुकानांसाठी वापरले, किंवा अशी बचत साठत जाऊन भाड्याचा टेम्पो बंद झाला, तरच ते पैसे खिशात येतात.

गिऱ्हाईक तोडण्याचंही असंच आहे. पन्नास तोट्याची दुकानं एकदम बंद केली, तर त्यांचं मार्जिन त्याच दिवशी जातं, पण गाडी आणि माणसं तशीच राहतात. तोच खर्च आता उरलेल्या दुकानांवर पडतो, त्यातली आणखी काही तोट्यात दिसू लागतात आणि त्यांनाही तोडण्याचा मोह होतो. असं करत करत धंदा आकसत जातो. शिवाय कंपनीशी केलेल्या करारात ठरावीक दुकानांपर्यंत माल पोचवणं बहुधा बंधनकारक असतं. तिथे दुकान तोडण्यापेक्षा भेट पंधरा दिवसांनी करणं, दोन खेड्यांचे मार्ग जोडणं, किंवा ते काम खेड्यातल्या एखाद्या मोठ्या दुकानदाराकडे सोपवणं जास्त शहाणपणाचं ठरतं.

दुसरी चूक दर काढतानाच होते. गाडी महिन्यात १,२५० थांबे घेऊ शकते, पण या महिन्यात ९०० च झाले. मग ४५ हजारांना ९०० ने भागायचं का? भागलं तर थांबा ५० रुपयांना पडतो आणि गाडी रिकामी राहिल्याचा दंड हजर असलेल्या दुकानांना बसतो. कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये वेळेवर आधारलेली जी सोपी पद्धत मांडली, तिचा भर नेमका इथे आहे. दर काढताना गाडी आणि माणूस व्यवहारात जेवढं काम करू शकतात, तेवढ्याने भागायचं आणि न वापरलेला भाग वेगळा दाखवायचा. तो भाग मालकाचा प्रश्न आहे, त्याचं ओझं गिऱ्हाइकावर टाकू नये.

तिसरी चूक अतिअचूकतेची. थांबा ३६ रुपयांना पडतो की ३९ ला, यावर आठवडे घालवायचे नसतात. सगळे दर वीस टक्क्यांनी वर-खाली करून पाहावेत. जे दुकान दोन्ही वेळा तोट्यात राहतं, त्याच्याशी बोलावं. जे कधी इकडे कधी तिकडे जातं, ते काठावरचं समजून सोडून द्यावं. एका महिन्यावरून निकालही देऊ नये. दिवाळीच्या महिन्यात सगळीच बिलं मोठी असतात आणि भर पावसात खेड्यांतल्या ऑर्डर मंदावतात. किमान तीन महिन्यांचे आकडे एकत्र पाहिले, की दुकानाची खरी सवय दिसते.

सुरुवात करताना पाचशे दुकानांचा हिशेब लागत नाही. विक्रीतली वरची वीस दुकानं आणि सगळ्यात लहान बिलं करणारी वीस दुकानं घ्यावीत, तीन महिन्यांची बिलं काढावीत आणि भेटी, थांबे, ओळी, परतीची प्रकरणं आणि उधारीचे दिवस या पाच गोष्टी प्रत्येकापुढे लिहाव्यात. वरच्या वीसांत एक-दोन तोट्याची नावं सापडण्याची शक्यता बरीच असते. त्यांच्याकडे जाताना दरवाढीचं पत्र न्यायचं नाही, हा कागद न्यायचा. 'शेठ, तुमच्याकडे आमची गाडी महिन्यात चाळीस वेळा येते, ती बारा वेळा आली तर चालेल का?' हा प्रश्न विचारला, की घासाघीस दरावर न होता दिवसांवर होते, आणि दिवस बदलणं दोघांनाही परवडतं.